एक पेर, एक वाटाणा: मलम किती लावायचं, आणि ओल्या अंगावर की कोरड्या

मागच्या जानेवारीत इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या औषधांच्या दुकानात एक काकू आल्या. पिशवीतून स्टिरॉइड मलमाची पंधरा ग्रॅमची ट्यूब काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "अगं, या औषधाने काही म्हणजे काही फरक नाही बघ. डॉक्टर म्हणाले, आता याच्यापेक्षा स्ट्राँग देऊन बघू."

ट्यूब शेपटीकडून जेमतेम दुमडलेली होती, बाकी टम्म. विचारलं तर म्हणाल्या, पंधरा दिवस होत आले, एक दिवस चुकवला नाही. दोन्ही नडग्यांवर आणि हातांच्या दोन्ही पंज्यांच्या पाठीवर एक्झिमाचे खाजरे, जाडसर चट्टे होते. मी शेल्फातली तशीच नवी ट्यूब काढली आणि दोन्ही वजनकाट्यावर ठेवल्या. फरक पाच ग्रॅमचा. म्हणजे पंधरा दिवसांत पाच ग्रॅम. मी मनात हिशोब केला आणि काकूंना म्हटलं, "स्ट्राँगचं राहू द्या. तुम्ही हे औषध अजून लावलेलंच नाहीये."

त्या जरा चिडल्याच. पण चूक त्यांची नव्हती. चिठ्ठीवर लिहिलं होतं 'रात्री पातळ थर लावणे'. पातळ म्हणजे किती पातळ, ते कोण सांगणार? गोळीवर मिलिग्रॅम छापलेले असतात, सिरपला मापाचं झाकण येतं, मलमाला मात्र प्रत्येकाचा आपला अंदाज. काकूंचा अंदाज सोन्याच्या पाण्यासारखा होता.

पेर मोजायचं कसं

मलमाचं माप आपल्या बोटावरच आहे. कार्डिफमधल्या लाँग आणि फिनले या त्वचातज्ज्ञांनी १९९१ मध्ये ते मांडलं. डॉक्टर त्याला फिंगरटिप युनिट म्हणतात. आपल्याकडे 'पेर' हा शब्द आधीच आहे, तोच मी वापरते.

तर्जनी सरळ धरा, तळहाताची बाजू वर. बोटाच्या शेवटच्या सांध्यावर आडवी रेघ दिसते, त्या रेघेपासून टोकापर्यंत ट्यूबमधून सलग एक पट्टी काढायची. मध्ये तोडायची नाही, दाबून चपटी करायची नाही. हे झालं एक पेर. मोठ्या पुरुषाच्या बोटावर ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं, बाईच्या बोटावर थोडं कमी, ०.४ ग्रॅमच्या आसपास. माझा भाचा सराफ्यात असतो. एका दुपारी त्याच्या तराजूवर कागद ठेवून आम्ही आमची पेरं तोलून पाहिली, तेव्हा माझं ०.४१ निघालं आणि आमच्या ह्यांचं ०.५२. सोनं तोलायच्या काट्यावर मलम बघून शेजारचा दुकानदार बराच वेळ हसत होता.

त्याच दुपारी एक गोष्ट कळली, जी मला इतक्या वर्षांत कोणी सांगितली नव्हती. हे माप पाच मिलिमीटर व्यासाच्या तोंडाच्या ट्यूबसाठी आहे. काही ट्यूबचं तोंड बारीक असतं आणि तिथून काढलेली तेवढ्याच लांबीची पट्टी निम्म्याहूनही कमी वजनाची भरते. घरी तराजू नसेल तर पट्टीच्या जाडीकडे बघा. ती साध्या पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, पण सुतळीपेक्षा जाड हवी. दोऱ्यासारखी येत असेल तर एका पेराच्या जागी दोन-तीन पट्ट्या शेजारी शेजारी काढा. लहान मुलाला लावायचं असेल तरी पेर मोठ्या माणसाच्या बोटावरचंच धरायचं, मुलाच्या नाही. मुलांच्या मापाचे तक्ते त्याच हिशोबाने केलेले आहेत. उदाहरणार्थ, तीन ते पाच वर्षांच्या मुलाचा अख्खा हात पंजासकट दोन पेरं घेतो आणि पाय पावलासकट तीन.

जागा मोजायची कशी

एक पेर मलम दोन पंज्यांएवढ्या जागेला पुरतं. पंजा म्हणजे बोटं जुळवून सपाट ठेवलेला, मनगटाच्या रेघेपासून बोटांच्या टोकांपर्यंतचा. ज्याचं अंग, त्याचाच पंजा.

काकूंना मी स्टुलावर बसवलं आणि त्यांचाच पंजा त्यांच्या नडगीवर ठेवायला सांगितलं. एका नडगीवरचे चट्टे झाकायला तीन पंजे लागले. दोन नडग्यांचे सहा. एका पंज्याची पाठ म्हणजे साधारण अर्धा ते एक पंजा, पण चट्टे बोटांवर आणि मनगटापर्यंत पसरलेले होते म्हणून आम्ही एकेक धरला. त्याचे दोन. एकूण आठ पंजे, म्हणजे चार पेरं. काकूंचं पेर ०.४ ग्रॅमचं धरलं तर एका वेळेला १.६ ग्रॅम. दिवसातून एकदा, चौदा दिवस, म्हणजे साडेबावीस ग्रॅमच्या आसपास. पंधरा ग्रॅमची ट्यूब नवव्या-दहाव्या दिवशी संपायला हवी आणि दुसरी उघडायला हवी.

त्यांनी वापरले होते पाच. हव्या त्यापैकी चौथा हिस्सासुद्धा नाही. आणि एवढ्यावरून औषध निकामी ठरून त्याहून कडक स्टिरॉइड त्यांच्या अंगाला लागणार होतं. कमी लावण्याने स्टिरॉइडचा धोका कमी होतो असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात चट्टा अर्धवट बरा होतो, पुन्हा उसळतो, मलम महिनोन्महिने चालू राहतं आणि शेवटी औषधाची ताकद वाढते. स्टिरॉइडमध्ये सांभाळायच्या गोष्टी तीन: किती ताकदीचं, किती दिवस आणि कुठे. त्या डॉक्टरांनी ठरवायच्या. आपल्या हातात आहे ते ठरलेल्या जागेवर पूर्ण माप लावणं आणि ठरलेल्या दिवशी थांबणं. जी ट्यूब नडगीसाठी दिली ती चेहऱ्यावर, काखेत, जांघेत न्यायची नाही. तिथली कातडी पातळ असते आणि औषध तिथे कितीतरी जास्त झिरपतं.

अंगभर पसरलेलं असेल तर पंजे मोजत बसायची गरज नाही. मोठ्या माणसासाठी ठोकताळे ठरलेले आहेत: चेहरा आणि मान मिळून अडीच पेरं, एका पंज्याच्या दोन्ही बाजू मिळून एक, पंजा सोडून एक हात तीन, पाऊल सोडून एक पाय सहा, एक पाऊल दोन, छाती-पोट सात, पाठ कुल्ल्यांसकट सात.

लावायची रीत

पेर काढलं की एका जागी चोळू नका. चट्ट्यावर चार-पाच ठिपके द्या आणि मग बोटाने पसरवा. पायावर वरून खाली, केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने. उलटं घासलं तर केसांच्या मुळाशी मलम साचून पुटकुळ्या येतात. चट्ट्याच्या शेवटापर्यंत पोचण्याआधीच बोट अडखळायला लागलं, म्हणजे माप कमी पडलं. पसरून झाल्यावर कातडीवर मंद चकाकी हवी, जी काही मिनिटांत मुरते. पांढरा थर तसाच बसून राहिला तर जास्त झालं. तेवढं पुसून टाकण्यापेक्षा उद्याचं पेर नीट मोजा.

आता ओलं की कोरडं

मला हा वेगळा प्रश्न वाटत नाही, कारण हाही 'किती' याचाच भाग आहे. कातडीचा सर्वात वरचा थर मृत पेशींचा असतो. भिजला की तो फुगतो, सैल होतो आणि त्यातून पदार्थ आत जायला सोपं जातं. आंघोळीनंतर बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात तेव्हा तोच थर चिंब भिजलेला असतो. म्हणून ओल्या कातडीवर लावलेलं तेवढंच माप आत जास्त पोचतं. ज्या गोष्टी आत जास्त गेलेल्या चालतात त्या ओलसर कातडीवर, ज्या झोंबतात त्या कोरडीवर. बाकी सगळं यातून निघतं.

मॉइश्चरायझर ओलसरवर लावायचं. आंघोळ झाली की टॉवेलने घासू नका, टिपून घ्या. थेंब ओघळत नाहीत पण हात फिरवला तर गार आणि दमट लागतं, इतपत. मग तीनेक मिनिटांत, न्हाणीघरातून बाहेर पडायच्या आतच लावून टाका. अंगावर पाण्याचे थेंब असतानाच लावलं तर क्रीम पाण्यावर तरंगतं, पायांवरून ओघळतं आणि अर्धं टॉवेलला जातं. अगदी कोरड्या अंगावर लावलं तर वाया जातं असं मात्र नाही. ते तेव्हाही ओल उडू देत नाही, फक्त धरून ठेवायला ओल कमी असते. दुपारी पाय ताणल्यासारखे वाटले तर पुन्हा आंघोळ करायला जाऊ नका, आहे त्या कातडीवर लावा. आणि मॉइश्चरायझर जास्त मुरावं म्हणून आंघोळ लांबवायची नाही. आमच्याकडे थंडीत बंबातलं कढत पाणी बादल्यांवर बादल्या ओतून घेणारे लोक आहेत, त्यांच्याच नडग्या सगळ्यात आधी भेगाळतात. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटं, पुरे.

माप इथे अगदी वेगळं असतं. औषधी मलम फक्त चट्ट्यावर, मॉइश्चरायझर सगळीकडे. काकूंचे दोन्ही पाय पावलांसकट सोळा पेरं आणि दोन्ही हात पंज्यांसकट आठ, म्हणजे चोवीस पेरं, म्हणजे एका वेळेला दहा ग्रॅमच्या आसपास. चोवीस पेरं बोटावर मोजत कोणी बसणार नाही. चहाचा चमचा घ्या, त्यात पाचेक ग्रॅम मावतं. दोन्ही पायांना मिळून सव्वा चमचा, दोन्ही हातांना पाऊण चमचा. सकाळ-संध्याकाळ लावलं तर दिवसाला वीस ग्रॅम लागतं, म्हणजे शंभर ग्रॅमची बाटली पाच दिवसांत संपते. हे सांगितलं की गिऱ्हाईक माझ्याकडे 'विकायला बसलीये' अशा नजरेने बघतं. म्हणून मी महागडी बाटली देतच नाही. बिनवासाचं साधं पांढरं सॉफ्ट पॅराफिन किंवा तशाच साध्या क्रीमचा मोठा डबा घ्या. खरखरीत एक्झिमा असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला पाव ते अर्धा किलो लागतं. डब्यात बोटं घालू नका, स्वच्छ कोरड्या चमच्याने काढा, नाहीतर खाजवलेल्या बोटांवरचे जंतू डब्यात जातात.

दोन धोके इथेच सांगते. तेलकट मॉइश्चरायझर लावून न्हाणीघरात उभं राहिलात तर पाय घसरतो, म्हणून पावलं शेवटी, बाहेर खुर्चीवर बसून लावायची. आणि पॅराफिन कपड्यांत मुरलं की तो कपडा वातीसारखा पेटतो, एका धुण्यात ते पूर्ण निघतही नाही. काकू रोज सकाळी तेल्या-तुपकट झालेल्या त्याच गाऊनवर पोह्यांची फोडणी द्यायला गॅसपाशी जात होत्या. ओट्यापाशी आणि देवाच्या समईपाशी जाताना कपडे वेगळे.

स्टिरॉइड आणि मॉइश्चरायझर एकावर एक लगेच लावू नका. औषध पातळ होतं आणि घसरून चांगल्या कातडीवर जातं. दोघांत निदान पंधरा मिनिटं ते अर्धा तास जाऊ द्या. आधी काय आणि मग काय, यावर डॉक्टरांचीही मतं वेगवेगळी आहेत. औषध दिवसातून एकदाच असेल तर मी वेळाच वेगळ्या करायला सांगते. काकूंचं असं ठरलं: सकाळी आंघोळीनंतर ओलसर अंगावर मॉइश्चरायझर, संध्याकाळी सातला दिवा लावून झाल्यावर पुन्हा, आणि रात्री साडेनऊला चार पेरं औषध.

वाटाण्याएवढं म्हणजे कुठला वाटाणा

याच काकूंची नात कॉलेजात आहे. मुरुमांसाठी तिला ॲडापलीनचं जेल दिलेलं. चिठ्ठीत 'मटारच्या दाण्याएवढं, रात्री, पूर्ण चेहऱ्याला'. आठवड्याभरात तोंडाची सालं निघायला लागली, नाकाच्या कोपऱ्यात लाली, हसलं तरी चरचरतं.

मी विचारलं, केवढा दाणा? तिने बोटावर दाखवला तो चांगला टपोरा, हिवाळ्यातल्या बटल्याचा. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, आम्ही मटारला बटला म्हणतो आणि थंडीत त्याच्या कचोऱ्या खातो. आता गंमत बघा. ताज्या टपोऱ्या दाण्याचा व्यास एक सेंटिमीटर धरला तर तेवढ्या गोळ्यात अर्धा ग्रॅम जेल मावतं. उसळीचा सुका पांढरा वाटाणा सात-आठ मिलिमीटरचा, त्यात पाव ग्रॅमच्या आतबाहेर. दिसायला फरक थोडा, पण गोळ्याचं आकारमान व्यासाच्या घनाने वाढतं म्हणून माप थेट दुप्पट. तेव्हा वाटाणा म्हणजे सुका वाटाणा, किंवा सोपं म्हणजे अर्धं पेर.

चेहरा आणि मानेला अडीच पेरं हे वर मी सांगितलं, मग इथे अर्धंच का? कारण तो ठोकताळा मलम-क्रीमचा एकसारखा थर देण्यासाठी आहे. ॲडापलीन हे रेटिनॉइड गटातलं औषध आहे, त्याला थर लागत नाही. ते अगदी पातळ पसरलं तरी आपलं काम करतं आणि जास्त घातल्याने मुरुमं लवकर जात नाहीत, फक्त कातडी सोलते.

तिची दुसरी चूक जास्त मोठी होती. फेसवॉशने तोंड धुवून ओल्या चेहऱ्यावरच ती जेल लावत होती. दुप्पट माप, वर भिजलेली कातडी. तिला सांगितलेली रीत अशी. आधी सगळं बंद, चार-पाच दिवस फक्त साधं मॉइश्चरायझर. चरचर थांबली की एक आड एक रात्री सुरू. चेहरा धुवून टिपायचा आणि वीस मिनिटं काही लावायचं नाही. गालाला बोट लावून गार लागलं तर अजून ओल आहे. मग अर्धं पेर जेल घेऊन पाच ठिपके: कपाळ, दोन गाल, नाकाचा शेंडा, हनुवटी. तिथून बाहेरच्या बाजूला पसरवायचं. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडायचे, हवं तर तिथे आधीच थोडं व्हॅसलीन लावून ठेवायचं. मुरुमावर वेगळा ठिपका नाही, कारण औषध नवीन मुरूम उगवू नये म्हणून सगळीकडे लावायचं असतं. दहा-पंधरा मिनिटांनी वरून मॉइश्चरायझर. तरीही झोंबलं तर मॉइश्चरायझर आधी लावून, ते मुरल्यावर जेल लावायचं. दोन-तीन आठवड्यांत त्रास नसेल तर रोज रात्री. मुरुमांवरचा फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, त्याआधी माप वाढवायचं नाही. गरोदर असताना किंवा तसा विचार असताना ही औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचीच नाहीत.

कोरडंच हवं अशा आणखी दोन जागा

सनस्क्रीन लावताना कातडी कोरडी हवी आणि मॉइश्चरायझर मुरलेलं. ओल्यावर ते डागडाग बसतं आणि मधल्या जागा उघड्या राहतात. माप दोन बोटांचं: तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत एकेक पट्टी, चेहरा आणि मान मिळून. बाटलीवरचा एसपीएफ दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. अर्धं लावलं तर तेवढं संरक्षण मिळत नाही. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर दुपारपर्यंत उभे राहणाऱ्यांनी सकाळी लावलेल्या एका ठिपक्यावर भरवसा ठेवू नये.

दुसरी जागा जांघा, काखा आणि स्तनांखालची घडी. पावसाळ्यात तिथे गजकर्ण आलं की औषध पूर्ण कोरड्या कातडीवरच. टॉवेलने टिपा, पाच मिनिटं पंख्याखाली राहा, मग लावा. ओल्या घडीत मलम कोंडलं की कातडी पांढरी पडून भिजट होते आणि बुरशीला तेच हवं असतं. मलम लाल कडेच्या बाहेरही दोन सेंटिमीटर लावायचं, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. डाग गेला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे. आणि कृपा करून स्टिरॉइड मिसळलेलं 'खाजेचं क्रीम' कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. खाज दोन दिवसांत थांबते, चकती मात्र आतून पसरते आणि तिचं रूप असं बदलतं की डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो. मी काउंटरवर नाही म्हटलं की लोक समोरच्या दुकानात जातात, हे मला माहीत आहे.

काकू सातव्या दिवशी पुन्हा आल्या. ट्यूब टोकापर्यंत गुंडाळलेली, सपाट. नडगीवरचा जाडपणा गेला होता, पंज्यावर एक फिकट डाग उरला होता. दुसरी ट्यूब घेतली आणि मला म्हणाल्या, "आठ दिवस राहिलेत ना? मग ही सगळी नको संपवायला." मी ट्यूबवर पेनने बंद करायची तारीख लिहून दिली.